‘दहापैकी किती?’ याऐवजी ‘पाचपैकी कितीदा?’

प्रश्न: सातवी-आठवीला शारीरिक शिक्षण शिकवते. वर्गात ४५ मुले, तास ३५ मिनिटांचा. स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायी मूल्यमापनाचे तक्ते भरून घेते, पण जवळजवळ सगळे स्वतःला ९-१० देतात, मित्र मित्राला पूर्ण गुण देतो, आणि चांगल्या खेळणाऱ्या काही मुली मात्र स्वतःला पाचच देतात. मुलांनी स्वतःकडे खरेपणाने पाहावे यासाठी नेमके काय वापरावे? सध्या व्हॉलीबॉलचा अंडरहँड पास, म्हणजे दोन्ही हात जोडून खालून चेंडू उचलून देणे, चालू आहे.

उत्तर:

आधी तक्त्यातला प्रश्न तपासू, मुलांचा खरेपणा नंतर. ‘माझा पास कसा आहे? दहापैकी गुण द्या’ असे विचारले की मुलापुढे दोन अडचणी येतात. सात म्हणजे कसा पास आणि आठ म्हणजे कसा, हे त्याला कुणी दाखवलेले नसते. शिवाय तो आकडा पुढे कुठेतरी गुणांत धरला जाणार, हे त्याला पक्के ठाऊक असते. त्यामुळे ‘तुला किती गुण हवेत?’ असाच प्रश्न त्याला ऐकू येतो, आणि त्याचे खरे उत्तर दहाच आहे. मित्राला पूर्ण गुण देणाराही त्याच्या परीने मैत्री निभावत असतो. म्हणून ‘खरे लिहा’ असे कितीही बजावले तरी फरक पडत नाही. प्रश्न बदलला तर पडतो.

बदल दोन करायचे. पहिला, मत विचारायचे नाही, जे डोळ्यांना दिसते आणि मोजता येते तेवढेच विचारायचे. दुसरा, ज्या कागदावर मूल स्वतःबद्दल लिहिते त्या कागदाला गुण नाहीत, हे जाहीर करायचे आणि पाळायचे. ‘कागदावर शेरा लिहू आणि थोडे गुणही देऊ’ असा मध्यममार्ग काढावासा वाटतो, पण तो चालत नाही. शिक्षण-मानसशास्त्राच्या अभ्यासक रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग याच मुद्द्यावर होता. काहींना फक्त शेरे दिले, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. ज्यांना फक्त शेरे मिळाले त्यांचे पुढचे काम सुधारले. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्यांचा फारसा उपयोग झाला नाही, बहुधा आकडा दिसला की शेऱ्याकडे लक्षच जात नाही.

आता अंडरहँड पासचे साधन. मुलांना जोडीत न बसवता तिघांत बसवा. एक पास करणारा, एक चेंडू देणारा आणि एक निरीक्षक. ४५ मुलांचे १५ गट होतात. जोडीत काम दिले की ‘तू माझे भर, मी तुझे भरतो’ असा व्यवहार लगेच ठरतो. तिसरा माणूस आला की तो सहज ठरत नाही, आणि चेंडू देणाऱ्याचे हातही मोकळे राहतात. गट तुम्हीच करा. जिवलग मित्र एका गटात नकोत आणि ज्यांचे मुळीच पटत नाही तेही नकोत. एकदा केलेला गट तीन तास तसाच ठेवा, म्हणजे निरीक्षकाला आपल्या माणसाचा पास ओळखीचा होतो. चेंडू १५ नसतील तर सहा-सहांचे गट करा आणि पास करणाऱ्या प्रत्येकासाठी दोन निरीक्षक ठेवा. दोघांनी एकमेकांना न विचारता मोजायचे. दोघांचे आकडे वेगळे आले तर तोही बोलण्याचा विषय होतो. सहा जणांच्या फेऱ्यांना मात्र दोन तास धरून चाला.

चेंडू देणारा साधारण चार मीटरवर उभा राहील आणि दोन्ही हातांनी खालून, थोडी उंची देऊन चेंडू टाकेल. देणे फारच वाकडे गेले तर तो चेंडू मोजायचा नाही, पुन्हा टाकायचा. हा नियम आधीच सांगा, नाहीतर निम्मा वेळ ‘त्याने नीट दिलाच नाही’ या वादात जातो. निरीक्षक पास करणाऱ्याच्या बाजूला, सुमारे तीन मीटरवर उभा राहील. समोरून पाहिले तर कोपर वाकले की नाही ते कळत नाही, बाजूनेच कळते.

कार्ड अर्ध्या पानाचे पुरे. त्यावर एवढेच असू द्या:

निरीक्षकासाठी: चेंडू हाताला लागताना दोन्ही कोपरे सरळ होती का? पाच चेंडू, प्रत्येकाला बरोबर किंवा फुली.

चेंडू देणाऱ्यासाठी: परत आलेला चेंडू मला जागेवरून किंवा एका पावलात झेलता आला का? पाच चेंडू, तशीच खूण.

पास करणाऱ्यासाठी: पाचपैकी कितीदा माझी कोपरे सरळ होती असे मला वाटते? एक आकडा.

शेवटी, तिघांनी बोलून पास करणाऱ्याने लिहायची एक ओळ: पुढच्या पाच चेंडूंत काय बदलून पाहायचे?

‘दृष्टिकोन’, ‘चिकाटी’, ‘खिलाडूवृत्ती’ असे रकाने इथे नकोत. ते दिसत नाहीत, मोजता येत नाहीत, आणि त्यांच्यापुढे मुले डोळे मिटून बरोबरची खूण करतात. एका वेळी एकच निकष ठेवण्याचे कारणही साधे आहे. चेंडू हाताला लागण्याचा क्षण डोळ्याचे पाते लवावे तेवढाच असतो. त्या क्षणी कोपर, गुडघे, हातांची उंची आणि नजर असे चारही पाहायला सांगितले तर मूल काहीच पाहत नाही आणि नंतर आठवून, म्हणजे अंदाजाने, चारही खुणा भरते. पहिल्या तासाला कोपर, दुसऱ्याला हात खांद्याच्या वर गेले का, तिसऱ्याला गुडघे वाकवून पायांच्या जोराने चेंडू उचलला का, असे घ्या.

कार्ड वाटण्याआधी डोळे तयार करायला पाच-सहा मिनिटे द्या. बहुतेक ठिकाणी हीच पायरी गाळली जाते आणि मग सहाध्यायी मूल्यमापनाचा उपयोग नाही असा निष्कर्ष निघतो. तुम्ही स्वतः किंवा पास चांगला येणारे एखादे मूल पाच चेंडू घेईल, त्यातल्या दोन-तीन वेळा मुद्दाम कोपरे वाकवायची. प्रत्येक चेंडूनंतर तुम्ही तीन म्हणताच सगळ्यांनी एकदम हात वर करायचा, सरळ वाटले तर पंजा, वाकले वाटले तर मूठ. एकदम करणे महत्त्वाचे, नाहीतर शेजाऱ्याकडे पाहून हात वर होतात. मग खरे काय होते ते सांगायचे. बहुतेकांचे पाचपैकी चार जुळू लागले की कामाला लागा. जुळत नसतील तर एक हालचाल सावकाश करून दाखवा आणि ‘कोपराच्या आतल्या बाजूला खाच दिसली तर वाकले’ अशी एखादी दिसणारी खूण द्या.

आता क्रम, कारण सगळे यश क्रमावर आहे. पाच चेंडू होईपर्यंत निरीक्षक आपले कार्ड छातीशी धरून ठेवतो. पाच झाले की पास करणारा आधी आपला आकडा लिहितो. तो लिहिल्यावरच निरीक्षक कार्ड दाखवतो. अंदाज चेंडू घेण्याआधी लिहून घेऊ नका. ‘मला तीन जमतील’ असे लिहिलेले मूल तीन जमल्यावर चौथा मुद्दाम सोडून देते, कारण अंदाज बरोबर ठरवणे हाच मग त्याचा खेळ होतो. कोपराचाच प्रश्न स्वतःला विचारायचा, चेंडू कुठे गेला याचा नाही. चेंडू कुठे गेला हे सगळ्यांनाच दिसते. आपले कोपर कसे होते हे मात्र फक्त आतून जाणवते, आणि ती जाण तपासून घ्यायला बाहेरचा डोळा लागतो.

अशा प्रकारे एकाच हालचालीचे तीन साक्षीदार कागदावर येतात. मला आतून काय वाटले, दुसऱ्याला बाहेरून काय दिसले आणि चेंडूचे काय झाले. मुलांना जे बोलायचे आहे ते या तिघांच्या फरकात असते.

एक उदाहरण आकड्यांसह घेऊ. एका मुलीने पाच चेंडू घेतले आणि लिहिले, पाचपैकी पाचदा कोपरे सरळ. निरीक्षकाच्या कार्डावर दोन, पहिला आणि चौथा. चेंडू देणाऱ्याला नीट झेलता आले तेही दोनच, आणि तेच दोन. इथे ‘तू खोटे लिहिलेस’ असे कुणाच्या मनात येता कामा नये, कारण तिने खोटे लिहिलेले नाही, तिला खरेच तसे वाटले होते. निरीक्षकाने विचारायचे ठरलेले प्रश्न दोनच असावेत: ‘तुला किती वाटले?’ आणि ‘पहिल्या आणि चौथ्या वेळी काय वेगळे होते?’ ती आठवून सांगते की ते दोन चेंडू थेट तिच्या अंगावर आले होते. बाकीचे तीन थोडे बाजूला पडले आणि तिने जागेवरून हात लांबवून घेतले. म्हणजे तिची अडचण कोपरांची नव्हतीच, पायांची होती. ती चेंडूमागे वेळेवर पोचत नव्हती, म्हणून हात वाकडे करून चेंडू गाठत होती. पुढच्या पाच चेंडूंसाठी तिने लिहिले, ‘आधी पाय, मग हात.’ दुसऱ्या फेरीत तिचा अंदाज तीन, निरीक्षकाचे चार, झेललेले तीन. अंदाज आणि निरीक्षण यांतला फरक तीनवरून एकवर आला, आणि पासही सुधारला. ‘दहापैकी सात’ लिहून यातले काहीही तिच्या लक्षात आले नसते.

बोलण्यातले शब्दही घालून द्यावे लागतात. निरीक्षकाने ‘छान’, ‘वाईट’, ‘तुला येत नाही’ हे शब्द वापरायचे नाहीत, वाक्य ‘दिसले’ने संपवायचे: ‘पाचपैकी दोनदा सरळ दिसली.’ अशा वाक्याचे सहसा दुःख होत नाही. उलट ‘छान आहे’ ऐकून कोणाला काही करता येत नाही. पहिल्या तासाला मुले विसरतात, दुसऱ्या तासापासून एकमेकांनाच टोकतात.

तुम्ही काय करायचे? शारीरिक शिक्षणाचे अभ्यासक मस्का मॉस्टन यांनी १९६६ मध्ये अध्यापनशैलींची जी मांडणी केली, त्यात परस्पर शैलीचा, म्हणजे मुलांनीच एकमेकांचे काम पाहून सांगण्याच्या शैलीचा, एक नियम आहे आणि तो मी कटाक्षाने पाळते: शिक्षकाने फक्त निरीक्षकाशी बोलायचे, पास करणाऱ्याशी नाही. तुम्ही जाऊन थेट ‘अगं, कोपर सरळ ठेव’ म्हणालात की निरीक्षकाला पाहायचे कारणच उरत नाही, खरे मूल्यमापन बाईच करतात हे सगळ्यांना कळते. त्याऐवजी निरीक्षकाला विचारा, ‘आता तुला काय दिसले? कार्डावर त्याबद्दल काय लिहिले आहे?’ सुरुवातीला तोंड आवरणे जड जाते, पण बहुतेक निरीक्षक दोन-तीन फेऱ्यांत चोख पाहू लागतात.

त्याच वेळी तुमच्या वहीत पडताळणी चालू ठेवा. कोणत्याही एका गटाचे पाच चेंडू तुम्ही स्वतः मोजा आणि नंतर निरीक्षकाच्या खुणांशी जुळवा. तासाला पाच गट सहज होतात, म्हणजे तीन तासांत पंधराही गट पाहून होतात. एकाचा फरक चालतो, तेवढा तुमच्यात आणि दुसऱ्या शिक्षकातही पडेल. दोन किंवा अधिक असेल तर त्या निरीक्षकाला शेजारी घेऊन तीन-चार चेंडू एकत्र पाहा. त्याला रागवायचे कारण नाही, त्याचा डोळा अजून बसलेला नाही एवढेच.

भरायचे म्हणून भरलेली कार्डे ओळखू येतात. पाचही खुणा एका दमात, एकाच तिरप्या ओळीत काढलेल्या असतात. अंदाज आणि निरीक्षण सलग प्रत्येक फेरीत तंतोतंत जुळते, जे खऱ्या मोजणीत सहसा होत नाही. किंवा कोपरे पाचपैकी पाच सरळ आणि झेललेला चेंडू एकच. शेवटचे नेहमीच खोटे असेल असे नाही. कोपरे सरळ असूनही हात जोरात वर फेकले तर चेंडू मागे उडतो, त्यामुळे आधी त्या गटाचे दोन चेंडू पाहा आणि मगच ठरवा. कार्ड खरेच नुसते भरलेले असेल तर मी शिक्षा करत नाही, पुढच्या तासाला त्या गटाजवळ पहिल्या फेरीत उभी राहते. तेवढ्याने भागते.

आता स्वतःला पाच देणाऱ्या तुमच्या मुलींबद्दल. ही मुले बहुधा फक्त चेंडू पाहतात. चेंडू दोनदा चुकला की त्यांच्या लेखी सगळेच चुकले. काही जणींना स्वतःला जास्त म्हणणे आगाऊपणाचे वाटते. त्यांना धीर देण्याऐवजी कार्डाचे दोन रकाने शेजारी ठेवा: कोपरे पाचपैकी चार सरळ, झेललेले दोन. मग विचारा, ‘हात बरोबर होते, मग चेंडू का गेला?’ उत्तर शोधायला लागल्या की स्वतःला कमी लेखणे आपोआप मागे पडते, कारण प्रश्न आता त्यांच्याबद्दल राहत नाही, चेंडूबद्दल होतो. कार्डे भिंतीवर लावू नका, आकडे मोठ्याने वाचू नका. तुलना फक्त त्याच मुलाच्या मागच्या कार्डाशी.

गुण तर द्यावेच लागतात, हे मान्य. कौशल्याचे गुण शेवटी तुम्ही वेगळी चाचणी घेऊन द्या, याच निकषांवर, म्हणजे मुलांना कार्डाचा उपयोग कळतो. आत्मपरीक्षणाला काही नोंद करणे भागच असेल तर अंदाज किती जुळला यावर कधीही करू नका. तसे केले की दुसऱ्याच दिवशी निरीक्षक बोटांनी आकडा खुणावू लागतो. त्याऐवजी शेवटची ओळ पाहा, ‘पुढच्या पाचात काय बदलायचे’. ती ओळ कार्डावरच्या खुणांवरून निघालेली आहे का, आणि पुढच्या कार्डात तो बदल करून पाहिल्याचे दिसते का? ‘अजून सराव करेन’ हे पुरेसे नाही. ‘चेंडू येण्याआधी थांबून उभी राहीन’ हे पुरेसे आहे. ज्याचे पास पाचपैकी एकच होतात, त्यालाही इथे पूर्ण नोंद मिळू शकते.

वेळ बसतो का, तर बसतो. तयारीचे व्यायाम सहा मिनिटे, डोळे तयार करणे सहा, एकाची फेरी म्हणजे पाच चेंडू, बोलणे, पुन्हा पाच चेंडू, साधारण चार मिनिटे, तिघांची जागाबदलासह चौदा, शेवटची ओळ लिहायला तीन, साहित्य काढणे-ठेवणे चार. ३३ मिनिटे होतात. पहिला तास मात्र लांबेल, तेव्हा एकेकाला पाचच चेंडू द्या.

मोबाइलवर चित्रण करता येत असेल तर ते तिसऱ्या तासापर्यंत राखून ठेवा आणि फक्त वाद मिटवायला वापरा. कॅमेरा बाजूने, कमरेच्या उंचीवर, चार-पाच मीटरवर. पालकांची आणि शाळेची परवानगी आधी घ्या, साधन शाळेचेच असू द्या आणि चित्रण त्याच दिवशी पुसा. पहिल्याच दिवशी कॅमेरा आणला तर मुले कोपर पाहत नाहीत, आपण कसे दिसतो ते पाहतात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. साधारण आठ-नऊ वर्षांखालच्या मुलांना ‘मी खूप मेहनत केली’ आणि ‘मला चांगले आले’ यांतला फरक नीट करता येत नाही, त्यांना कोपर वगैरे विचारू नका, ‘कितीदा चेंडू रिंगणात पडला?’ एवढेच पुरे. एखाद्या मुलाला शारीरिक अडचण असेल तर निकष त्याच्यासोबत बसून ठरवा. वजन, शरीराची ठेवण, धावण्याची वेळ या गोष्टी सहाध्यायांच्या हाती कधीच देऊ नका, तिथे फक्त मुलाचा स्वतःचा कागद. धावण्यासाठी क्रम तोच चालतो: धाव संपताच शून्य ते दहा या पट्टीवर किती दम लागला ते आधी लिहायचे, मग १५ सेकंद नाडी मोजून चारने गुणायचे. पाच-सहा वेळा केल्यावर कोणत्या आकड्याला आपली नाडी साधारण किती असते, हे मुलाला कळू लागते.

आणि हे कार्ड सामन्यात नेऊ नका. सामन्यात चेंडू कुठून येईल ते ठाऊक नसते, निरीक्षकाचे डोळे गुणफलकाकडे जातात, आणि कोपर कोणी पाहत नाही. तिथे मोजायचे तर निर्णय मोजा: पहिला पास जाळीजवळच्या खेळाडूकडे गेला की सरळ पलीकडे ढकलला, दहा चेंडूंत कितीदा.

तिसऱ्या तासाच्या शेवटी प्रत्येकाची तीन कार्डे एकत्र टाचा आणि फक्त अंदाज व निरीक्षण यांतला फरक पाहा. बहुतेकांचा तीन-दोन-एक असा उतरेल. संपूर्ण वर्गाचा उतरत नसेल तर निकष अवघड आहे किंवा निरीक्षक चुकीच्या बाजूला उभे आहेत, ते बदला. एक-दोघांचाच उतरत नसेल तर त्यांना पुढच्या तासाला आधी निरीक्षकाचे काम द्या. दुसऱ्याचे कोपर वाकलेले दहा वेळा पाहिल्यावर स्वतःचे वाकलेले बहुधा जाणवू लागते.